परिमिती वाढली म्हणजे क्षेत्रफळ वाढले का?

“ज्या आकृतीची परिमिती जास्त, तिचे क्षेत्रफळही जास्तच असणार ना?”

नाही. 1 सेमी बाजूच्या 12 चौरस फरश्या घेऊन 3 ओळींत 4-4 मांडल्या, तर परिमिती 14 सेमी येते. त्याच फरश्या एका ओळीत मांडल्या, तर ती 26 सेमी होते. क्षेत्रफळ मात्र दोन्ही वेळा 12 चौसेमीच राहते, कारण फरश्यांची संख्या बदललेली नाही.

असे का होते, हे कडा मोजल्यावर कळते. सुट्या 12 फरश्यांच्या मिळून 48 कडा असतात आणि दोन फरश्या पूर्ण कडेने जोडल्या की दोन कडा आत लपतात. 3 × 4 च्या मांडणीत असे 17 जोड असल्यामुळे 34 कडा लपून 14 उरतात. एका ओळीत 11 च जोड असल्यामुळे 22 कडा लपतात आणि 26 उरतात.

पाचवीच्या वह्यांत नेहमी आढळणाऱ्या चुका:

- परिमितीसाठी कडेचे चौकोन मोजणे. 3 × 4 मध्ये असे चौकोन 10 च भरतात, कारण कोपऱ्यातल्या चौकोनाच्या दोन कडा बाहेर असूनही तो एकदाच मोजला जातो. ही चूक सर्वांत चिवट आहे. बोट चौकोनांवरून न फिरवता रेषेवरून फिरवावे.
- चौकटीच्या कागदावर चौकोनाचा कर्ण 1 सेमी धरणे. तो कडेपेक्षा लांब असतो.
- क्षेत्रफळ सेमीमध्ये लिहिणे.