७८ वरून ८३: वाढ नेमकी किती, आणि कशाची?

टक्केवारीचे घोटाळे समजून घ्यायला मी नेहमी एकच उदाहरण घेतो, कारण त्यात जवळपास सगळेच सापडतात. उदाहरण मूतखड्याच्या ऑपरेशनचं आहे. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात आधीच्या काळातल्या, म्हणजे १९७२ ते १९८० मधल्या ओपन सर्जरीच्या ३५० केसेस होत्या आणि नंतरच्या, १९८० ते १९८५ मधल्या, पाठीतून छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढायच्या पद्धतीच्याही ३५० केसेस होत्या. तीन महिन्यांनी खडा राहिलेलाच नाही किंवा उरलेला तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा लहान आहे, तर ऑपरेशन यशस्वी धरायचं. आधी ३५० पैकी २७३ यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. नंतर ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के.

आता बातमी लिहायची असेल तर काय लिहाल? "यशाचं प्रमाण ५ टक्क्यांनी वाढलं." दहातले नऊ जण हेच लिहितील, आणि इथेच पहिली गडबड आहे.

७८ आणि ८३ या दोन टक्केवाऱ्या आहेत, त्यांची वजाबाकी केली की ५ येतात, पण ते ५ "टक्के" नाहीत तर ५ टक्के-पॉइंट आहेत, म्हणजे टक्क्यांच्या पट्टीवर पाच घरं पुढे सरकलो एवढंच. "५ टक्क्यांनी वाढ" याचा खरा अर्थ आधीच्या आकड्याच्या शेकडा ५ एवढी वाढ, आणि ७८ चे ५ टक्के म्हणजे फक्त ३.९, म्हणजे ७८ वरून जेमतेम ८२ पर्यंतच पोचतो. मराठीत हे दोन्ही आपण "टक्क्यांनी" या एकाच शब्दात सांगतो, म्हणून ऐकणाऱ्याला कळायला काही मार्गच राहत नाही. पर्सेंटेज पॉइंटला मराठीत अजून रुळलेला शब्द नाही, पण नुसतं "७८ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेलं" असं लिहिलं तरी काम भागतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात सुरक्षित आहे. दोन्ही टोकं दिली की वाचणारा हवं ते गणित स्वतः करू शकतो.

यातच एक बारीक खोच आहे. २८९ भागिले ३५० केलं तर ८३ नाही, ८२.५७ येतात. म्हणजे खरी वाढ ४.६ पॉइंटची, राउंड केल्यामुळे ती ५ दिसते. सापेक्ष वाढ काढायला गेलात, म्हणजे वाढ भागिले आधीचा आकडा, तर राउंड केलेल्या आकड्यांवरून ६.४ टक्के येते आणि मूळ संख्यांवरून, २७३ वरून २८९, ५.९ टक्के. अर्ध्या पॉइंटचा फरक नुसत्या राउंडिंगने आला. म्हणून गणित कायम मूळ संख्यांवर करायचं आणि राउंड अगदी शेवटी, छापताना.

आणि याच्याच उलट्या बाजूने बघा. अपयशी केसेस आधी ७७ होत्या, नंतर ६१ झाल्या, म्हणजे अपयश जवळजवळ २१ टक्क्यांनी कमी झालं! तेच पेशंट, तीच ऑपरेशनं, आणि हातात तीन बातम्या: यश ४.६ पॉइंटने वाढलं, यश ५.९ टक्क्यांनी वाढलं, अपयश २१ टक्क्यांनी घटलं. तिन्ही खऱ्या आहेत. मोठा आकडा आला तो भाजक लहान असल्यामुळे, कारण २७३ च्या तुलनेत १६ थोडे आणि ७७ च्या तुलनेत तेच १६ बरेच. म्हणून सापेक्ष टक्केवारी वाचली की "कशाच्या तुलनेत?" हे आधी विचारावं लागतं. पॉइंटचं तसं नाही, यश ४.६ पॉइंट वर म्हणजे अपयश ४.६ पॉइंट खाली, दोन्हीकडून सारखंच.

इथवर भाषेचा प्रश्न होता. खरी गंमत पुढे आहे आणि मला हा भाग मनापासून आवडतो.

सगळे खडे सारखे नसतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खडा काढणं सोपं, मोठा अवघड. त्याच ७०० पेशंटची खड्याच्या आकारानुसार विभागणी केली तर असं दिसतं: लहान खड्यांमध्ये आधी ८७ पैकी ८१ यशस्वी, म्हणजे ९३.१ टक्के, आणि नंतर २७० पैकी २३४, म्हणजे ८६.७ टक्के. मोठ्या खड्यांमध्ये आधी २६३ पैकी १९२, म्हणजे ७३ टक्के, आणि नंतर ८० पैकी ५५, म्हणजे ६८.८ टक्के.

परत वाचा. लहान खड्यांमध्ये यश कमी झालं, मोठ्या खड्यांमध्येही कमी झालं, तिसरा कुठला गट नाही, आणि तरी एकूण यश वाढलं. बेरीज करून बघा, कुठेही चूक नाही.

असं होतं कारण एकूण टक्केवारी ही दोन गटांची साधी सरासरी नसते, ती भारित सरासरी असते, म्हणजे ज्या गटात माणसं जास्त त्याच्याकडे ती ओढली जाते. आधीच्या काळात लहान खड्यांचे पेशंट ३५० पैकी फक्त ८७ होते, म्हणजे २५ टक्के. नंतरच्या गटात ते २७० झाले, ७७ टक्के. सोप्या केसेस तिपटीने वाढल्या आणि त्यांनी एकूण आकडा वर ओढला. आकडेशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ च्या लेखावरून, पण उडनी यूल यांनी हे १९०३ मध्येच दाखवून दिलं होतं.

मग ४.६ पॉइंटमध्ये कशाचा किती वाटा? हे काढता येतं आणि अवघडही नाही. समजा यशाचे दर जुनेच राहिले असते, ९३.१ आणि ७३, फक्त पेशंटची विभागणी नवी झाली असती, २७० लहान आणि ८० मोठे. तर लहानांत साधारण २५१ यशस्वी झाले असते, मोठ्यांत ५८, मिळून ३५० पैकी सुमारे ३१०, म्हणजे ८८.५ टक्के. म्हणजे नुसत्या विभागणीमुळे ७८ वरून ८८.५ पर्यंत, १०.५ पॉइंट वर. आणि तिथून प्रत्यक्ष ८२.६ पर्यंत, म्हणजे ५.९ पॉइंट खाली, हा दर घसरल्याचा परिणाम. वरचे १०.५ वजा ५.९ म्हणजे ४.६, हिशोब जुळला. पॉइंट असल्यामुळेच ही बेरीज-वजाबाकी चालली, सापेक्ष टक्के असते तर चालली नसती.

एक गोष्ट लपवायची नाही. हेच गणित उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी दर बदलले आणि मग विभागणी, तर दराचा वाटा उणे ४.८ येतो आणि विभागणीचा अधिक ९.४. एकूण परत ४.६ च. दोन्ही गोष्टी एकत्र बदलतात तेव्हा थोडा भाग दोघांचा मिळून असतो आणि तो कुणाच्या खात्यात टाकायचा हे क्रमावर ठरतं, म्हणून कुठला क्रम घेतला ते सांगायला हवं. पण दिशा दोन्हीकडे एकच आहे, विभागणीने वर नेलं, दरांनी खाली आणलं.

दोन गटांचे दर नुसते जोडून दोनने भागले तर? आधी ९३.१ आणि ७३ ची सरासरी ८३.१, नंतरची ७७.७. वाढीच्या जागी ५ पॉइंटहून जास्त घट दिसते. पण हा आकडा "एकूण यश" म्हणून छापला तर तो चुकीचाच, कारण ३५० माणसांमधलं ते प्रत्यक्ष प्रमाण नाही. दोन काळांची बरोबरीने तुलना करायचीय तर दोन्हींना एकच विभागणी लावतात, उदाहरणार्थ सगळ्या ७०० पेशंटची, त्यात लहान ३५७ आणि मोठे ३४३. मग आधीचं यश ८३.३ आणि नंतरचं ७७.९ येतं. याला प्रमाणित दर म्हणतात, आणि तो वापरताना "प्रमाणित" हा शब्द गाळायचा नसतो.

बरं, गटांच्या संख्या दिल्याच नसतील आणि नुसत्या टक्केवाऱ्या असतील तर? तरीही विभागणी शोधून काढता येते, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. गट दोनच असतील तर एकूण टक्केवारी त्या दोन दरांच्या मधेच कुठेतरी पडते, आणि ती कुठे पडते त्यावरूनच वजन कळतं. नंतरच्या काळात ८२.६ हा आकडा ६८.८ पासून १३.८ पॉइंट वर आहे आणि दोन दरांमधलं पूर्ण अंतर १७.९ पॉइंट आहे. १३.८ भागिले १७.९ म्हणजे ०.७७, म्हणजे लहान खडे ७७ टक्के. आधीच्या काळात ५ भागिले २०.१, म्हणजे २५ टक्के. दोन काळांत हे वजन असं पालटलेलं दिसलं की एकूण आकड्यातल्या बदलाला "सुधारणा" म्हणायच्या आधी थांबायचं. आणि एकूण आकडा दोन्ही दरांच्या बाहेरच पडला तर सरळ समजायचं की एखादा गट गाळलाय किंवा आकडे चुकलेत.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनी पद्धतच चांगली होती. तेही या आकड्यांतून निघत नाही. मोठ्या खड्यांच्या नव्या गटात फक्त ८० माणसं आहेत, चार पॉइंटचा फरक तेवढ्यात निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. काळ वेगळा, निवडलेले पेशंट वेगळे, आणि छोट्या छिद्रातून केलेल्या ऑपरेशनला चिरफाड कमी लागते हे यशाच्या टक्केवारीत कुठेच येत नाही. या ७०० जणांवरून एवढंच पक्कं म्हणता येतं की ७८ चे ८३ झाले ते नंतरच्या गटात लहान खडे जास्त होते म्हणून.