लोकहितास्तव सक्तीची सेवानिवृत्ती

ठरावीक वय किंवा ठरावीक सेवा पूर्ण केलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला, त्याच्यावर आरोप न ठेवता आणि त्याची संमती न घेता, नियत वयाआधी निवृत्त करण्याचा अधिकार भारतात सरकारला आहे. या अधिकाराने केलेली निवृत्ती ती लोकहितास्तव सक्तीची सेवानिवृत्ती. मंत्रालयाच्या भाषेत तिला बहुधा ‘मुदतपूर्व सेवानिवृत्ती’ म्हणतात, आणि हा शब्द वापरणेच बरे. कारण शिस्त व अपील नियमांत ‘सक्तीची सेवानिवृत्ती’ नावाची एक शिक्षाही आहे. ती आरोपपत्र आणि विभागीय चौकशीनंतरच देता येते. नावसाधर्म्यामुळे कर्मचारी आणि कधीकधी वकीलही या दोन गोष्टींची गल्लत करतात. या नोंदीत केवळ पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी हा अधिकार मूलभूत नियम 56(जे) मध्ये आहे. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 च्या नियम 10(4) मध्ये आहे. वयाच्या 35 वर्षांआधी सेवेत आलेल्या वर्ग एक व दोनच्या अधिकाऱ्याला पन्नाशीनंतर आणि इतरांना पंचावन्न वर्षांनंतर निवृत्त करता येते. 30 वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा झाली की त्या आधारेही कर्मचाऱ्याला पुढे ठेवायचे की नाही याचे पुनर्विलोकन होते. निवृत्त करताना तीन महिन्यांची लेखी नोटीस किंवा तेवढ्या काळाचे वेतन व भत्ते द्यावे लागतात. आदेश मात्र दोन ओळींचा असतो: ‘लोकहितास्तव निवृत्त करण्यात येत आहे.’ कारण त्यात लिहिलेले नसते.

तो वाचणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की, मला विचारले का नाही? संविधानाच्या अनुच्छेद 311(2) नुसार बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती करण्यापूर्वी चौकशी करून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. मग घरी पाठवताना ती का नको? सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये श्याम लाल प्रकरणात याचे उत्तर दिले. अशा निवृत्तीत कर्मचाऱ्यावर दोषाचा ठपका येत नाही आणि त्याने कमावलेले निवृत्तिवेतन बुडत नाही, म्हणून ती ‘काढून टाकणे’ ठरत नाही. पुढे 1970 मध्ये, भारतीय सर्वेक्षण विभागातील कर्नल जे. एन. सिन्हा यांच्या प्रकरणात, दिल्ली उच्च न्यायालयाने सुनावणी दिली नाही म्हणून आदेश रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नियमानेच सरकारला पूर्ण अधिकार दिला आहे, तेथे नैसर्गिक न्यायाचे, म्हणजे बाजू ऐकल्याशिवाय निर्णय न देण्याचे, तत्त्व घुसवता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. सरकारचे मत प्रामाणिकपणे बनले असेल, तर ते बरोबर की चूक हे न्यायालय तपासत नाही. मात्र असे मत बनलेच नाही, आदेश गैरलागू कारणांवर बेतला आहे किंवा तो मनमानी आहे, असे दाखवण्याची वाट मोकळी राहिली.

या अधिकाराची एक बाहेरची हद्दही आहे. 1964 मध्ये गुरदेवसिंग सिद्धू प्रकरणात दहा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त करू देणारा पंजाबमधील नियम सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला. माणूस ऐन उमेदीत असताना घरी बसवता येत असेल, तर ती निवृत्ती केवळ नावाची, प्रत्यक्षात काढून टाकणेच. म्हणूनच आजचे नियम पन्नाशीच्या आसपास सुरू होतात.

न्यायालयीन हस्तक्षेपाच्या मर्यादा ज्या निकालाने पक्क्या झाल्या तो बैकुंठनाथ दास प्रकरणाचा, 1992 सालचा. दास हे ओडिशातील औषधनिर्माते. ते 15 मार्च 1951 रोजी सेवेत लागले आणि 13 फेब्रुवारी 1976 रोजी सक्तीने निवृत्त झाले. त्यांचे म्हणणे असे की, जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा आपल्यावर राग आहे, त्याने आपल्याला गावोगाव बदल्या करून हिंडवले, एकदा निलंबितही केले, आणि कोणताही प्रतिकूल शेरा आपल्याला कधी कळवला गेला नाही. सरकारने उत्तर दिले की, निर्णय त्या अधिकाऱ्याचा नव्हे, पुनर्विलोकन समितीचा आहे, आणि समितीने गोपनीय अहवालांबरोबर इतर कागदही पाहिले आहेत. उच्च न्यायालयाने समितीचे कागद आणि गोपनीय अहवाल स्वतः वाचले आणि याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

त्या निकालाप्रमाणे न्यायालय तीनच परिस्थितींत हात घालते. पहिली, आदेश दुष्ट हेतूने काढलेला असेल तर. दुसरी, त्याला आधार देणारा पुरावाच फायलीत नसेल तर. तिसरी, जी सामग्री आहे तिच्यावरून कोणताही समंजस माणूस त्या मतापर्यंत पोचला नसता, इतका तो विपरीत असेल तर. न्यायालय इथे अपील चालवत नाही. समितीच्या जागी मी असतो तर याला ठेवले असते, असे न्यायाधीशाला वाटले तरी ते पुरत नाही. बहुसंख्य याचिका हरतात त्या इथेच. याचिकेत आपण किती चांगले काम केले हे पानेच्या पाने लिहिलेले असते, पण समितीसमोर काय होते आणि काय नव्हते याचा शब्द नसतो.

न कळवलेल्या शेऱ्यांबाबत निकाल कर्मचाऱ्याच्या विरुद्ध गेला. असा शेरा विचारात घेतला एवढ्याच कारणाने आदेश रद्द होत नाही. 1987 मध्ये ब्रिजमोहनसिंग चोप्रा प्रकरणात याच न्यायालयाने उलट सांगितले होते, ते मत 1992 मध्ये मागे पडले. पदोन्नतीच्या प्रकरणांत न कळवलेल्या शेऱ्याला मिळणारे महत्त्व म्हणून इथे चालत नाही. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत कठोर जागा आहे. जो शेरा माणसाला दाखवलाच नाही त्याचे उत्तर त्याने द्यायचे कसे? न्यायालयाचा तर्क असा की, शेरा कळवून सुनावणी घेणे हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे, आणि जिथे तो लागू नाही तिथे त्याचा हा एक तुकडाही मागता येत नाही.

पण त्याच निकालाने समितीवर एक बंधनही घातले, आणि कर्मचाऱ्याच्या हाती खरे हत्यार तेच आहे. समितीने संपूर्ण सेवेचा अभिलेख पाहिला पाहिजे आणि अलीकडच्या वर्षांना जास्त वजन दिले पाहिजे. प्रतिकूल शेऱ्यानंतरही पदोन्नती मिळाली असेल, तर त्या शेऱ्याची धार बोथट होते. पदोन्नती नुसत्या ज्येष्ठतेवर नव्हे तर निवडीने झाली असेल, तर अधिकच. याचा अर्थ जुना शेरा पुसला जातो असा नाही. 2010 मध्ये प्यारे मोहन लाल आणि 2013 मध्ये बाबूलाल जांगिर प्रकरणांत न्यायालयाने हे स्पष्ट केले. पदोन्नतीनंतरही जुना अभिलेख विचारात घेता येतो, आणि शेरा सचोटीबद्दल असेल तर एकच शेराही पुरू शकतो. आळशीपणाचा दहा वर्षांपूर्वीचा शेरा आणि ‘सचोटी संशयास्पद’ हा शेरा यांचे वजन म्हणून एक नसते.

आदेश कशामुळे कोसळतो हे उमेदभाई पटेल प्रकरणात नीट दिसते. ते गुजरात सरकारचे कार्यकारी अभियंता. त्यांच्या गोपनीय अभिलेखात एकही प्रतिकूल शेरा नव्हता. पन्नाशीला आणि पंचावन्नाव्या वर्षी, दोन्ही वेळा त्यांनी दक्षतारोध, म्हणजे पुढच्या वेतनवाढीआधीची कार्यक्षमतेची कसोटी, पार केला होता. 22 मे 1986 रोजी त्यांना विभागीय चौकशीसाठी निलंबित करण्यात आले. चौकशी पुरी करायला सरकारला पुरेसा वेळ होता, पण ती झाली नाही. पुनर्विलोकन समितीनेही त्यांना निवृत्त करण्याची शिफारस केली नाही. तरी सरकारने मुंबई नागरी सेवा नियमांतील नियम 161 खाली त्यांना निवृत्त केले, तेही नियत निवृत्तीला दोन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असताना. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले. अभिलेख स्वच्छ, समितीची शिफारस नाही आणि चौकशी अर्धवट, असे असताना आदेशामागे उरते काय? चौकशी टाळण्याची आडवाट. हा अधिकार त्यासाठी नाही, असे न्यायालयाने सांगितले. आरोप असेल तर आरोपपत्र द्या, ते सिद्ध करा आणि मग शिक्षा द्या.

आदेशात ठपक्याचा शब्द नसला तरी न्यायालय त्याच्या मागे पाहू शकते, यालाच पडदा उचलणे म्हणतात. 2023 मधील कॅप्टन प्रमोदकुमार बजाज प्रकरण त्याचे ताजे उदाहरण. हे आयकर सेवेतील अधिकारी जानेवारी 2020 मध्ये निवृत्त होणार होते. 27 सप्टेंबर 2019 रोजी, म्हणजे साधारण तीन महिने आधी, त्यांना 56(जे) खाली घरी पाठवले गेले. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयात ते हरले, सर्वोच्च न्यायालयात जिंकले. इतकी वर्षे सेवेत ठेवलेला माणूस शेवटच्या तीन महिन्यांतच असा निरुपयोगी कसा झाला, याचे पटेल असे उत्तर फायलीत नव्हते. आदेश शिक्षेच्या स्वरूपाचा ठरून रद्द झाला. केंद्राच्या ऑगस्ट 2020 च्या एकत्रित सूचनांतही म्हटले आहे की, अकार्यक्षमतेच्या कारणावरून एका वर्षात निवृत्त होणाऱ्याला, किंवा गेल्या पाच वर्षांत पदोन्नती मिळून त्या पदावर समाधानकारक काम करणाऱ्याला, सामान्यतः असे निवृत्त करू नये. सचोटीचा प्रश्न असेल तर हे संरक्षण मिळत नाही.

आदेश हाती पडल्यावर केंद्रीय कर्मचाऱ्याला तीन आठवड्यांत अभिवेदन, म्हणजे फेरविचाराची लेखी विनंती, करता येते, आणि त्याचा विचार वेगळी समिती करते. न्यायालयीन दाद महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, आणि केंद्रीय कर्मचाऱ्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये, मागायची असते. थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही, तेथे न्यायाधिकरणाच्या निकालानंतर जायचे. अर्जात पुनर्विलोकन समितीचे इतिवृत्त, समितीसमोर ठेवलेली टिप्पणी आणि सर्व वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल मागवण्याची विनंती आधीच करावी, कारण न्यायाधिकरण जे तपासणार ते या कागदांतच असते. टिप्पणीत केवळ दोन-तीन वाईट वर्षे निवडून घेतली आहेत का, पदोन्नतीचा उल्लेख गाळला आहे का, समितीच्या बैठकीच्या तारखेला एखादी चौकशी अर्धवट होती का, आणि समितीचे मत एक आणि सरकारचा आदेश भलताच असे झाले आहे का, हे तिथे दिसते. आदेश रद्द झाला आणि नियत वय तोवर उलटून गेले असेल, तर कर्मचारी परत टेबलाशी बसत नाही. त्याला त्या वयापर्यंत सेवेत मानून वेतनातील आणि निवृत्तिवेतनातील फरक देण्याचा प्रश्न तेवढा उरतो.