काटकोन कुठे बसतो?

माझी भाची सांगलीत अकरावीला आहे. परवा तिने वही माझ्यापुढे सरकवली. ध्वनीच्या दीडपट वेगाने जाणाऱ्या विमानामागे धक्कातरंगांचा शंकू तयार होतो, त्याचा कोन काढायचा होता. तिचं उत्तर ३३.७ अंश आणि पुस्तकामागचं ४१.८. "मामा, आकडे तर तेच घेतलेत, मग चुकतंय कुठं?"

आकडे बरोबरच होते. चुकला होता तो काटकोन. तो भलत्याच ठिकाणी काढला होता. वर्गात निम्मी पोरं हीच चूक करतात आणि मीही त्या वयात केली होती.

आकृती पुन्हा पहिल्यापासून काढू. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर आणि विमानाचा ५१० मीटर धरू. विमान 'अ' या बिंदूवर असताना त्याने हवेला जो दणका दिला, तो चहूकडे सारख्याच वेगाने पसरतो. दहा सेकंदांनी 'अ'भोवती ३,४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ झालेलं असतं. खरं म्हणजे तो गोल आहे, पण कागदावर वर्तुळ पुरे. तेवढ्यात विमान मात्र ५,१०० मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे आपल्याच आवाजाच्या वर्तुळाबाहेर. वाटेत पाच सेकंदांनी दिलेल्या दणक्याचं वर्तुळ १,७०० मीटरचं, त्यानंतरची आणखी लहान, आणि विमानाच्या नाकाशी नुसता ठिपका. मोठ्यापासून ठिपक्यापर्यंत सगळ्या वर्तुळांना टेकून जाणारी एकच सरळ रेष काढता येते. सगळ्या दणक्यांचा दाब त्या रेषेवर एकावर एक चढतो. तीच शंकूची भिंत.

ती रेष मोठ्या वर्तुळाची स्पर्शिका आहे, आणि स्पर्शिका त्रिज्येला काटकोनात भेटते हे नववी-दहावीतच शिकलेलं असतं. म्हणजे काटकोन स्पर्शबिंदूपाशी बसतो, 'अ'पाशी नाही. मग विमानाने कापलेले ५,१०० मीटर हा त्रिकोणाचा कर्ण झाला आणि ३,४०० मीटरची त्रिज्या ही कोनासमोरची बाजू. समोरची बाजू भागिले कर्ण, म्हणजे साइन:

sin θ = c / v

इथे c म्हणजे ध्वनीचा वेग आणि v म्हणजे विमानाचा. ३,४०० भागिले ५,१०० म्हणजे दोन तृतीयांश, आणि कोन ४१.८ अंश. सेकंद दहा घ्या नाहीतर शंभर, वर-खाली दोन्हीकडे येतात आणि कटतात. म्हणून शंकू वाढत गेला तरी त्याचा कोन तोच राहतो. हा कोन विमानाच्या मार्गापासून भिंतीपर्यंतचा, म्हणजे शंकूच्या तोंडाचा निम्मा. पूर्ण तोंड ८३.६ अंशांचं.

भाचीने 'अ'पासून मार्गाला काटकोनात सरळ वर त्रिज्या काढली होती आणि तिचं टोक विमानाशी जोडलं होतं. ती रेष वर्तुळाला टेकत नाही, त्याच्या पोटातून जाते. म्हणजे थोडा आवाज शंकूच्या बाहेर, पुढे निसटलेला दिसतो, आणि तसं होऊच शकत नाही. आकृती नीट काढली तर चूक डोळ्यांना दिसते.

मी तिला म्हटलं, "तुझ्या रीतीने ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्या एसटीचा शंकू काढ बरं." तिने टॅन घेऊन भागाकार केला आणि कोन आला. टॅनला कुठलाही आकडा चालतो. साइनने काढायला गेलं तर किंमत एकाच्या वर जाते आणि गणित अडतं. अडायलाच हवं, कारण एसटीचा आवाज एसटीच्या पुढे पळत असतो, तिला शंकू कुठून येणार? वेग बरोबर ध्वनीइतका असला की साइन एक आणि कोन नव्वद, म्हणजे विमानाच्या नाकाशी उभी भिंत. तिच्या रीतीने तिथे ४५ आले असते.

हेच गणित उलटंही चालतं. एर्न्स्ट माख आणि पीटर साल्शर यांनी १८८७ साली वेगवान गोळीभोवतीच्या धक्कातरंगांची छायाचित्रं प्रसिद्ध केली. अशा चित्रात निम्मा कोन ३० अंश मोजला, तर गोळी ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात होती हे कंपासपेटीतल्या कोनमापकावर समजतं. वस्तूचा वेग भागिले ध्वनीचा वेग, या गुणोत्तराला माखचं नाव याकोब आकेरेट यांनी १९२९ साली दिलं. आपला सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल त्याच सालचा.

पुलावरून आठवलं. कृष्णेत होडीमागे पडणारी इंग्रजी व्ही आकाराची लाट दाखवून शंकू समजावण्याची पद्धत आहे, पण ती फसवी आहे. खोल पाण्यात होडी नेहमीच्या वेगाने चालली, तर त्या लाटेचा निम्मा कोन सुमारे साडेएकोणीस अंश राहतो, नावाड्याने वल्ही जोरात मारली तरी आणि सावकाश मारली तरी. पाण्यावर लांब लाटा वेगाने पळतात आणि आखूड लाटा हळू, म्हणून तिथलं गणित वेगळं. हवेत सगळ्या साध्या आवाजांचा वेग एकच असतो, त्यामुळे विमान जितकं वेगवान तितका शंकू निमुळता.

आता असं विमान सांगलीवरून मिरजेकडे जातंय असं समजू. उंची १२ किलोमीटर, वेग दीड माख. त्या उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनी सेकंदाला २९५ मीटरच जातो, म्हणून विमानाचा वेग झाला ४४२ मीटर. ते डोक्यावर येतं तेव्हा काहीच ऐकू येत नाही. शंकूची भिंत जमिनीवर विमानाच्या मागून येते. ४१.८ अंशांनी काढलं तर साडेतेरा किलोमीटर मागून, म्हणजे तीस सेकंदांनी.

पण हे उत्तर थोडं चुकतं. खाली सांगलीत ३० अंश तापमान असेल तर ध्वनीचा वेग ३४९ मीटर होतो. विमानाचा वेग तोच, c वाढला, म्हणून कोनही वाढला: जमिनीजवळ तो ५२ अंश भरतो. म्हणजे शंकूची भिंत सरळ नसते, खाली येता येता उभी होत जाते. थराथराने हिशेब केला तर अंतर ११ किलोमीटरांच्या आसपास येतं आणि वेळ २५ सेकंद. विमानाच्या अगदी नाकाशीही सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. तिथला धक्का जोरकस असल्यामुळे ध्वनीपेक्षा वेगाने सरकतो आणि कोन जरा रुंद असतो.

सांगलीत धडाम झालं तेव्हा विमान मिरज ओलांडून गेलेलं असेल, पण मिरजेत अजून शांतता. सरळ रेषेत ८ किलोमीटर अंतर धरलं तर तिथे तो आवाज १८ सेकंदांनी पोहोचेल. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला त्या क्षणी एकदाच स्फोट होतो, ही समजूत म्हणूनच खोटी. विमान वेगात आहे तोवर भिंत गावोगाव फिरते. २० मे २०२० रोजी बेंगळुरूत असाच दणका बसला होता. तो हवाई दलाच्या चाचणी उड्डाणाचा होता आणि विमान तेव्हा वेग कमी करत असावं, असं संरक्षण खात्याने सांगितलं होतं.

"मग १.१ माखने गेलं तर?" भाचीने विचारलं आणि स्वतःच कॅल्क्युलेटर ओढला. २९५ गुणिले १.१, म्हणजे ३२४.५. खाली ध्वनी ३४९. भागाकार करून ती थांबली. "साइन एकाच्या वर गेलं. एसटीसारखंच." अगदी तसंच. साधारण सहा किलोमीटर उंचीवर, जिथे हवा उणे ११ अंशांची असते, तिथे ती भिंत पुरती उभी होते आणि आवाज वर वळतो. विमान ध्वनीपेक्षा वेगवान असूनही सांगलीत काहीच ऐकू येत नाही.