केस-मास्किंग (व्यक्तिचित्र-संकलनातील)

केस-मास्किंग : एका छायाचित्रातील केशरचना दुसऱ्या व्यक्तिचित्रावर बसवताना कडेचे भुरभुरे, सुटे केस पार्श्वभूमीपासून वेगळे करण्याची प्रक्रिया. केसांचा मुख्य पुंजका साध्या निवड-साधनाने कापता येतो. अडचण येते ती कडेच्या एकेकट्या केसांत, कारण तेथे केस आणि पार्श्वभूमी एकाच पिक्सेलमध्ये मिसळलेली असतात.

मानवी केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिमी. असते. चित्रात १६० मिमी. रुंदीचा चेहरा ८०० पिक्सेलमध्ये मावत असेल, तर एक पिक्सेल ०.२ मिमी. व्यापतो. ०.०८ मिमी. जाडीचा केस उभा किंवा आडवा असल्यास अशा पिक्सेलचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग झाकतो. उरलेल्या भागातून मागचा पडदा दिसतो. म्हणून सुट्या केसासाठी मास्क, म्हणजे चित्राचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा थर, पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा असून चालत नाही, त्यात करड्या छटा हव्यात. या झाकलेल्या अंशाला अल्फा म्हणतात. केसाचा रंग F आणि पार्श्वभूमीचा B मानल्यास दिसणारा रंग

I = αF + (1 − α)B

असा मिळतो. रंगाच्या तीन घटकांसाठी अशी तीन समीकरणे होतात. अज्ञाते मात्र सात असतात. पार्श्वभूमी माहीत असली तरी चार उरतातच. म्हणून प्रत्येक पद्धतीला काहीतरी गृहीत धरावे लागते.

अल्फाच्या उगमाचे श्रेय नेमके कोणाला द्यावे, याविषयी मतभेद आहेत. अनेक ग्रंथ पोर्टर व डफ यांच्या १९८४ च्या निबंधापासून सुरुवात करतात. चित्रे एकावर एक जुळवण्याच्या, म्हणजे संकलनाच्या, क्रियेची पद्धतशीर गणिती मांडणी त्यात आहे, यात वाद नाही. परंतु चित्राच्या रंगघटकांसोबत अल्फाही साठवण्याची कल्पना एड कॅटमल व अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांची असून ती बहुधा १९७७-७८ च्या सुमाराची आहे. थरावर थर ठेवण्याचे सूत्र ब्रूस वॉलेस यांच्या १९८१ च्या लेखनातही आढळते. संकल्पना १९७० च्या दशकाअखेरची आणि मांडणी १९८४ ची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चित्रपटातील सरकता मास्क याहून बराच जुना आहे, तथापि त्याचा वारसा येथे अप्रत्यक्षच म्हणावा लागेल. नैसर्गिक पार्श्वभूमीवरील केसांसाठी २००१ ची बेझियन आणि २००६ ची लेव्हिन व सहकाऱ्यांची पद्धत महत्त्वाची ठरली. पहिलीत निश्चित केस, निश्चित पार्श्वभूमी आणि मधला संदिग्ध पट्टा असा तीन भागांचा नकाशा, म्हणजे ट्रायमॅप, द्यावा लागतो. दुसरीला थोड्या खुणाही पुरतात.

प्रत्यक्षात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे कडेची फिकट झालर. तिचे कारण एका पिक्सेलवर पाहता येते. करड्या छटांच्या ० ते २५५ मापात केस ४०, जुना पडदा २२० आणि अल्फा ०.४ असल्यास मूळ पिक्सेल १६ + १३२ = १४८ दिसतो. नव्या चित्राची पार्श्वभूमी ६० आहे, असे समजू. मास्क कडक ठेवला तर १४८ जसाच्या तसा येतो आणि गडद जागी पांढरट ठिपका उमटतो. अल्फा अचूक काढला, पण रंग १४८ च ठेवला, तर ५९ + ३६ = ९५ येतो; म्हणजे मास्क बरोबर असूनही झालर राहतेच. केसाचा खरा रंग ४० घातल्यावर १६ + ३६ = ५२ हे योग्य उत्तर मिळते, आणि केस पार्श्वभूमीहून किंचित गडद दिसतो. मास्क सुधारण्यात तासभर घालवूनही झालर जात नाही, तेव्हा दोष बहुधा मास्कात नसून रंगात असतो. उपाय म्हणून संदिग्ध पट्ट्यातील रंग आतल्या, निश्चित केसांवरून बाहेर ओढतात.

उजळ पडद्यावरील काळ्या केसांसाठी एक जुनी युक्ती आहे : पडद्याची २२० ही छटा लेव्हल्स या उजळपणा बदलणाऱ्या साधनाने पांढरी करायची आणि तो थर मल्टिप्लाय, म्हणजे खालच्या छटेशी गुणाकार करणाऱ्या, पद्धतीने ठेवायचा. वरील उदाहरणात १४८ ÷ २२० × ६० म्हणजे सुमारे ४० येतात. खऱ्या ५२ पेक्षा ही छटा थोडी गडद असली तरी झालर होत नाही. केस पूर्ण काळे असते, तर उत्तर तंतोतंत जुळले असते. सोनेरी वा पिकलेल्या केसांना ही युक्ती लागू पडत नाही. ते काळ्या पडद्यावर टिपलेले असल्यास स्क्रीन ही उलट, उजळ करणारी पद्धत जवळपास तेच काम करते.

नवी केशरचना बसवण्यापूर्वी मूळ चित्रातील सुटे केस पुसून पार्श्वभूमी भरून घ्यावी लागते; एरवी नव्या रचनेबाहेर जुन्या बटा डोकावतात. कपाळावरील केसरेषेला वेगळी वागणूक हवी : तेथील B म्हणजे जिची केशरचना घेतली त्या व्यक्तीची त्वचा, आणि ती नव्या चेहऱ्याशी क्वचितच जुळते. तेथे मास्कने केस वाचवण्यापेक्षा ते गाळून, एक-दोन पिक्सेलच्या निमुळत्या ब्रशने नव्याने रेखाटणे बरे.