“चार पॉईंट वाढवून द्या” म्हणण्याआधी हे वाचा

महिन्याला दोन-तीन फोन येतातच, की जनरल वॉर्डच्या शेवटच्या सहा बेडचं एचडीयू करतोय, ऑक्सिजनची लाईन आहेच, फक्त नवे पॉईंट काढून द्या, कोटेशन व्हॉट्सॲपवर टाका. आम्ही टाकत नाही, आणि काहींना राग येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

साध्या वॉर्डात सगळे पेशंट एकदम ऑक्सिजनवर नसतात, हे धरूनच लाईन काढलेली असते. हॉस्पिटलच्या गॅस लाईनसाठीच्या ब्रिटिश एचटीएम 02-01 या गाईडलाईनप्रमाणे पहिल्या बेडला मिनिटाला 10 लिटर आणि पुढच्या प्रत्येक बेडला दीड लिटर धरायचं, म्हणजे 20 बेडला साडेअडतीस लिटर. तेवढ्याला 12 एमएमचा पाईप आरामात पुरतो, 40 मीटरमागे प्रेशर जेमतेम 0.01 बार पडतं. आता शेवटच्या सहा बेडवर हाय फ्लो मशीन लावा. शंभर टक्के ऑक्सिजनवर एक मशीन 60 लिटरपर्यंत ओढतं, सहांचे 360, उरलेल्या 14 बेडचे साधारण 30, झाले 390. फ्लो दहापट झाला पण प्रेशर ड्रॉप दहापट नाही, साठपटीच्या आसपास जातो! त्याच पाईपात आता 0.6 बार, वर बेंड आणि जॉइंटचं वेगळं. सुरुवातीला 4 बार असलं तरी शेवटच्या बेडला 3.4 सुद्धा मिळत नाही.

आणि इथेच सगळे फसतात, कारण अलार्म वाजत नाही. सेन्सर व्हॉल्व्ह बॉक्सच्या लगेच पुढे, म्हणजे लाईनच्या तोंडाशी असतो, तिथे प्रेशर 4 च्या जवळपासच दिसतं, लो अलार्म 20 टक्के पडल्यावर म्हणजे 3.2 ला. एका ठिकाणी सिस्टर म्हणत होत्या मशीन सारखं लो ऑक्सिजन दाखवतंय, मेंटेनन्सवाले म्हणत होते पॅनल हिरवं आहे, मशीनच खराब. आम्ही शेवटच्या आउटलेटला गेज लावून सगळी मशीन चालू केली तेव्हा कुठे कळलं. मशीन बंद असताना तोच गेज मस्त 4 दाखवत होता, फ्लो नसेल तर ड्रॉपही नसतो ना. (ही टेस्ट पेशंट नसतानाच करा.)

म्हणून आम्ही एचडीयूला मेनपासून वेगळी 22 एमएमची लाईन काढतो, ड्रॉप 0.03 बारच्या आत राहतो. व्हॉल्व्ह बॉक्स वेगळा आणि अलार्म पॅनल एचडीयूच्याच सिस्टरच्या टेबलासमोर, वॉर्डच्या पॅनलवर जोडलं तर वाजलं तरी ऐकणार कोण? उद्या वॉर्डात रिपेअरिंगसाठी व्हॉल्व्ह बंद केला तरी एचडीयू चालू राहतं. कोणी व्हॉल्व्ह बॉक्सच्या आधीच टी मारून स्वस्तात पॉईंट देत असेल तर त्या पॉईंटला ना व्हॉल्व्ह ना अलार्म, एवढं त्याला विचाराच.

खर्च जास्त दिसतो, मान्य. पण आधी येऊन लाईन मोजायचे पैसे आम्ही काम दिल्यावर बिलातून वजा करतो. फोन करताना फक्त बेड किती, मशीन किती आणि मेनपासून अंतर साधारण किती एवढं सांगा, आणि जुनं ड्रॉइंग असेल तर शोधून ठेवा.