सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळायचे, पण कुठून? एकूण गुणांतून की प्रत्येक निकषातून?

आमच्या विभागात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा पाच परीक्षक घेतात. नियम एका ओळीचा आहे: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी. वाचताना शंका येत नाही. पण हे वगळणे प्रत्येक परीक्षकाच्या एकूण गुणांवर करायचे की एकेका निकषावर, हे त्या ओळीत लिहिलेले नसते. लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि गुणपत्रक बनवणाऱ्याच्या सवयीवर विद्यार्थ्याचा निकाल ठरतो.

समजा दोन निकष आहेत, प्रत्येकी २५ गुणांचे. एका विद्यार्थिनीला पाच परीक्षकांनी असे गुण दिले:

| परीक्षक | प्रकल्पाची समज | प्रश्नांची उत्तरे | एकूण |
|---|---|---|---|
| पहिले | २० | १८ | ३८ |
| दुसरे | १९ | ९ | २८ |
| तिसरे | २१ | १७ | ३८ |
| चौथे | १० | १८ | २८ |
| पाचवे | २० | १९ | ३९ |

एकूण गुणांतून वगळले तर ३९ जातात आणि एक २८ जातो. दोघांचे २८ असले तरी एकच वगळायचा. दोन्ही काढणे ही नेहमीची चूक आहे. उरतात ३८, ३८ आणि २८. सरासरी ३४.६७.

आता निकषानिहाय पाहा. समज या रकान्यातून २१ आणि १० वगळले की २०, १९, २० उरतात. उत्तरांच्या रकान्यातून १९ आणि ९ वगळले की १८, १७, १८. दोन सरासऱ्यांची बेरीज ३७.३३. विद्यार्थिनी तीच, परीक्षक तेच, आणि पन्नासात अडीच गुणांहून जास्त फरक.

फरक कुठून आला? दुसऱ्या परीक्षकांनी उत्तरांत हात आखडता घेतला, चौथ्यांनी समजेत. एकूण गुणांत प्रत्येक टोकाचा एकच आकडा वगळता येतो, म्हणून दोघांपैकी एकाचे २८ आत राहिलेच. निकषानिहाय पद्धतीत ते दोन टोकाचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत होते, म्हणून दोन्ही गेले. फिगर स्केटिंगमध्येही असेच चालते. तिथे प्रत्येक उडीसाठी आणि प्रत्येक घटकासाठी पंचांचे टोकाचे गुण स्वतंत्रपणे वगळतात.

म्हणून निकषानिहाय पद्धतच नेहमी चांगली, असे मी म्हणणार नाही. आधी परीक्षक गुण कसे भरतात ते पाहायला हवे. अनेक जण मनात ‘हिला ३८’ असे ठरवतात आणि मग ते ३८ निकषांत वाटतात. अशा वेळी त्यांचे खरे मत एकूण गुणांतच असते आणि निकषांतले आकडे नुसते भरलेले असतात; त्यांतून वगळण्याला अर्थ नाही. हे ओळखायची सोपी खूण आहे: एकाच परीक्षकाचे निकषांचे गुण सगळ्या विद्यार्थ्यांसाठी जवळजवळ त्याच प्रमाणात वाटलेले दिसतात. शिवाय निकषानिहाय निकालामागे कुणा एका परीक्षकाचे पूर्ण मत नसते. फेरतपासणीचा अर्ज आला की ‘कुणाचे गुण वगळले?’ याचे उत्तर एकूण पद्धतीत एका ओळीत देता येते. निकषानिहाय पद्धतीत तोच परीक्षक एका रकान्यात वगळलेला आणि दुसऱ्यात मोजलेला असतो.

माझ्या मते, निकषांची वर्णने लिहिलेली असतील आणि परीक्षक ती वेगवेगळी भरत असतील तर निकषानिहाय वगळावे, नाहीतर एकूण गुणांतून. पण काय करायचे ते परीक्षेआधी लिहून ठेवावे, कारण आकडे समोर आल्यावर पद्धत निवडली की ती कुणाच्या तरी बाजूने झुकतेच.

पद्धत कोणतीही असो, एक्सेलमध्ये चुका त्याच होतात. लोक `TRIMMEAN` वापरताना ‘दोन्ही बाजूंनी २०-२० टक्के’ या हिशेबाने ०.२ लिहितात. पण तो आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. पाचाचे ०.२ म्हणजे एक आकडा, आणि एक्सेल ती संख्या खाली जवळच्या सम संख्येवर आणते, म्हणजे शून्यावर. काहीच वगळले जात नाही, चूकही दाखवली जात नाही. ०.४ लिहावे लागते. एक परीक्षक गैरहजर असेल तर चारांचे ०.४ म्हणजे १.६, आणि पुन्हा शून्य. म्हणून मी पाच परीक्षकांचे गुण एका ओळीत B ते F मध्ये ठेवून हे वापरते:

```
=(SUM(B2:F2)-MAX(B2:F2)-MIN(B2:F2))/(COUNT(B2:F2)-2)
```

गैरहजर परीक्षकाचा रकाना रिकामा ठेवायचा, शून्य भरायचे नाही. शून्य भरले तर तेच ‘सर्वांत कमी’ म्हणून वगळले जाते आणि खरा सर्वांत कमी आकडा सरासरीत राहतो. निकषानिहाय पद्धतीत पूर्णांकात गुण हवे असतील तर बेरजेनंतरच करावेत. वरच्या उदाहरणात १९.६७ चे २० आणि १७.६७ चे १८ आधीच केले तर ३८ होतात. शेवटी केले तर ३७.