द्रवधातू व थर्मल पेस्ट

प्रोसेसर आणि त्यावर बसणारा हीटसिंक यांचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. फटींतील हवा उष्णता अडवते, म्हणून तिथे थर्मल पेस्ट भरतात. सिलिकॉनसारख्या तेलकट माध्यमात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. द्रवधातू हा तिचा पर्याय. हा पारा नव्हे, तर गॅलियम, इंडियम व बहुधा कथील यांचा मिश्रधातू असतो.

या मिश्रधातूच्या गोठणबिंदूविषयी एकवाक्यता नाही. गॅलियम एकटा 29.76 अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे मराठवाड्यातील उन्हाळ्यात तो कपाटातही द्रवरूप राहील. गॅलिन्स्टन या व्यापारी नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे 19 अंश सांगितला जातो. याच तीन धातूंच्या मिश्रणावरील इतर मोजमापांत मात्र वितळणबिंदू सुमारे 11 अंश मिळतो. गॅलियमची मिश्रणे वितळणबिंदूखाली गेल्यावरही बराच काळ द्रव राहतात (अतिशीतन), त्यामुळे पहिला आकडा थंड करताना आणि दुसरा तापवताना मिळाला असावा. हे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे. परभणीत हिवाळ्यातील पहाटेचे तापमान काही वर्षी 5 अंशांखाली उतरते. तेव्हा बंद लॅपटॉपमधील थर गोठू शकतो, आणि गॅलियम गोठताना पाण्याप्रमाणे प्रसरण पावतो. मात्र यंत्र सुरू होताच थर पुन्हा वितळतो, त्यामुळे व्यवहारात याची फारशी अडचण होऊ नये.

उष्णतावाहकतेच्या आकड्यांचीही तीच गत आहे. काही विक्रेते 70 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या वरचा आकडा छापतात. स्वतंत्र मोजमापांत अशा मिश्रणांसाठी साधारण 16 ते 26 दरम्यानची मूल्ये आढळतात आणि तीच येथे ग्राह्य धरली आहेत. चांगल्या पेस्टची वाहकता प्रत्यक्षात 5 च्या आसपास भरते.

लाभ किती, हे मुख्यतः क्षेत्रफळावर ठरते. लॅपटॉपमधील प्रोसेसरच्या उघड्या चकतीचे (डाय) क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर, उष्णता 60 वॅट आणि थराची जाडी 50 मायक्रॉन धरू. पेस्टच्या थरात सुमारे 4 अंशांचा फरक पडतो, 25 वाहकतेच्या द्रवधातूत 1 अंशाहून कमी. म्हणजे लाभ 3 अंशांचा. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण असते. तिथे क्षेत्रफळ 10 चौरस सेंटिमीटर धरले, तर तेवढ्याच उष्णतेला लाभ अर्धा अंशही होत नाही. लॅपटॉप 10–15 अंश थंड झाल्याचे जे दाखले दिले जातात, त्यांत जुनी पेस्ट वाळलेली किंवा कडेला सरकलेली असण्याची शक्यता मोठी. नव्या पेस्टनेही त्यातले बरेचसे साधले असते. शिवाय खोलीतील हवाच 40 अंशांवर असेल आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत धूळ अडकली असेल, तर आधी धूळ काढावी. थर कोणताही असो, यंत्र भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही.

धोके दोन. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणसीमांमध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर द्रवधातू अजिबात लावू नये. तांब्यावर तो हळूहळू मुरतो आणि थर कोरडा पडतो. निकेलचा मुलामा असलेला तळ सर्वांत सुरक्षित. निकेल व ॲल्युमिनियम दिसायला सारखेच, त्यामुळे केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये. दुसरा धोका विद्युतवहनाचा: थेंब ओघळून शेजारच्या कपॅसिटरांवर पडला, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. दुचाकीवरून खड्ड्यांच्या रस्त्याने रोज फिरणाऱ्या लॅपटॉपला ही भीती अधिक.

लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि चकतीभोवतीचे कपॅसिटर उष्णता सोसणाऱ्या व वीज न वाहणाऱ्या टेपने किंवा नेलपॉलिशच्या थराने झाकतात. मग टाचणीच्या डोक्याएवढा थेंब कापसाच्या काडीने घासून पसरवतात. सुरुवातीला धातू गोळ्यांत पळतो, घासत राहिल्यावर आरशासारखा चिकटतो. हीटसिंकच्या तळावर चकतीएवढ्याच भागात असाच पातळ थर देतात. जास्तीचा थेंब सिरिंजने परत ओढून घ्यावा. लावल्यानंतर काही आठवडे प्रत्येक कोरचे तापमान पाहत राहावे. आधी सारखे असणारे कोर वेगळे पडू लागले आणि एकच दहा अंशांनी वर राहिला, तर तिथला थर सरकला किंवा आटला असे समजावे.

वॉरंटी संपलेला, उघड्या चकतीचा लॅपटॉप ज्याच्याकडे आहे आणि ज्याने पेस्ट स्वतः चार-दोन वेळा बदलली आहे, त्यानेच हे करावे. एकच यंत्र असलेल्या विद्यार्थ्यासाठी, किंवा गिऱ्हाइकाचा लॅपटॉप हाताळणाऱ्या दुरुस्तीवाल्यासाठी, सुमारे 45 अंशांना मऊ होणारी अवस्थांतर पट्टी बरी. ती वीज वाहत नाही आणि कडेला फारशी सरकत नाही. झाकणाच्या प्रोसेसरवरून द्रवधातू खरवडून काढताना त्यावरील छापील अक्षरे पुसली जाऊ शकतात, आणि मग वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.